प्रलयानंतरचे तिघे

जॅक लंडन या अमेरिकन लेखकाची ‘द स्कार्लेट प्लेग’ ही लघुकादंबरी १९१२ साली मासिकात छापून आली. तिची गोष्ट घडते २०७३ साली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर. साठ वर्षांपूर्वी, २०१३ मध्ये, एका साथीनं जवळजवळ सगळी माणसं मारली आहेत. चेहरा लालभडक होतो, टाचांपासून शरीर बधिर होत जातं आणि तासाभरात माणूस जातो. वाचलेल्या मूठभरांपैकी एक म्हातारा आता कातडं पांघरून शेकोटीशी बसला आहे. तो एके काळी बर्कलीच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा प्राध्यापक होता. त्याच्याभोवती शेळ्या राखणारी तीन पोरं आहेत : एडविन, हू-हू आणि हेअर-लिप. म्हातारा त्यांना जुन्या जगाची गोष्ट सांगतो आहे. पोरांना मोठ्या संख्या कळत नाहीत, म्हणून वाळू, खडे, शिंपले आणि कवट्यांमधले दात मांडून तो त्यांना जगाची लोकसंख्या समजावतो. लंडननं २०१० सालासाठी कल्पिलेला आकडा आहे आठ अब्ज. प्रत्यक्षात जगानं तो टप्पा २०२२ मध्ये ओलांडला. शंभर वर्षं आधी केलेला अंदाज म्हणून तो थक्क करणारा आहे.

जगबुडीनंतरच्या जगण्याच्या कथा वाचणाऱ्याला या कथांतले काही चेहरे पुन:पुन्हा भेटतात. सगळं मागं टाकून रस्त्यानं चालत राहणारा वाटसरू. माणसं आणि साठे ताब्यात घेऊन बसलेला पुंड. पुस्तकं, बियाणं किंवा नुसती आठवण जपणारा राखणदार. सिनेमे, मालिका, व्हिडिओ गेम यांतून हे तिघे आपल्या इतक्या ओळखीचे झाले आहेत की ते अलीकडच्या पडद्यावरच जन्मले असं वाटतं. पण लंडनच्या या छोट्याशा पुस्तकात ते तिघेही पूर्ण वाढलेले दिसतात. हे तिघे एकमेकांवाचून उभे राहू शकत नाहीत, हेही इथंच कळतं. म्हणून नावांची लांबलचक यादी न देता या पुस्तकापासून सुरुवात करतो आणि इथून निघालेला एक धागा पुढं नेतो.

तो प्राध्यापक आधी वाटसरू होता. साथ आली तेव्हा तो आणि विद्यापीठातली चारेकशे माणसं रसायनशास्त्राच्या इमारतीत कोंडून घेऊन बसली. रोग आत शिरलाच. तिथून निघालेल्या जथ्यातला एकेक माणूस वाटेत पडत गेला आणि शेवटी हा एकटा उरला. एक तट्टू आणि दोन कुत्री घेऊन तो योसेमिटीच्या डोंगरात गेला आणि तिथं तीन वर्षं त्यानं माणूस पाहिला नाही. एकटेपण असह्य झालं तेव्हा तो खाली उतरला आणि माणसं शोधू लागला. या कथांमधल्या वाटसरूचं काम इथं स्पष्ट दिसतं. लेखकाला उद्ध्वस्त प्रदेश दाखवायचा असतो आणि वाचकालाही तो पायी फिरून पाहायचा असतो. घर असलेला माणूस हे काम करू शकत नाही. त्यामुळे वाटसरूचं घर पहिल्या काही पानांतच जातं आणि पुढं प्रत्येक वस्तीच्या वेशीवर त्याच्यापुढं एकच प्रश्न उभा राहतो : इथं थांबायचं का?

लंडनच्या वाटसरूला डोंगर उतरल्यावर भेटलेला पहिला माणूस पुंड निघाला. हा पूर्वी एका घरचा मोटारचालक होता.  सगळे त्याला ‘शोफर’ म्हणतात आणि त्याच्या वंशजांची टोळीही त्याच नावानं ओळखली जाते. देशातल्या सर्वांत बलाढ्य उद्योगपतीची बायको, व्हेस्टा, या शोफरनं बळजबरीनं आपली करून ठेवली आहे. तो तिला मारतो, चुलीशी राबवतो. प्राध्यापक हे पाहतो, कळवळतो आणि काही करू शकत नाही. लंडन स्वतः दारिद्र्यातून वर आलेला, समाजवादी विचारांचा लेखक होता. मालक आणि नोकर यांची अदलाबदल झाली तर नोकर न्याय करेल असं भाबडं चित्र त्यानं रंगवलं नाही, हे मला या पुस्तकाचं मोठं बळ वाटतं. त्याची मर्यादाही याच प्रसंगात आहे. व्हेस्टा या कथेत फक्त हिसकावून घेण्याची वस्तू राहते. तिला काय वाटतं हे प्राध्यापकाच्याच तोंडून कळतं. पुढची कित्येक दशकं या प्रकारच्या कथांनी बायकांना हीच जागा दिली.

प्राध्यापक पुढं एका टोळीत स्थिरावतो आणि राखणदार होतो. त्यानं टेलिग्राफ हिलवरच्या एका कोरड्या गुहेत पुस्तकं साठवली आहेत. सोबत अक्षरांची किल्लीही ठेवली आहे. चित्रलिपी वाचता येणाऱ्या माणसाला तिच्या आधारानं छापील मजकूर लावता यावा, अशी योजना. वाचताना हे फार हुशारीचं वाटतं. मग लक्षात येतं की शेकोटीशी बसलेल्या तिन्ही नातवंडांना त्यानं वाचायला शिकवलेलं नाही. पुस्तकं कुणा अनोळखी, भविष्यातल्या वाचकासाठी गुहेत आहेत आणि समोरची पोरं म्हाताऱ्याच्या शब्दांना हसताहेत. लालला लाल म्हणायचं सोडून हा वेगळाच शब्द का वापरतो, असं एक पोर त्याला विचारतं.

शेवटाकडं म्हातारा बंदुकीच्या दारूबद्दल बोलतो. ती पुन्हा सापडणारच, माणसं पुन्हा लढणार, काही राज्य करणार, काही प्रार्थना करणार आणि बाकीचे राबणार, असं तो खिन्नपणे सांगतो. पोरं ऐकतात आणि त्यातून स्वतःला हवं ते उचलतात. एडविन म्हणतो की ती दारू मी शोधून काढीन. मग हेअर-लिप माझ्यासाठी लढेल आणि शिकार आणेल, हू-हू मंत्रतंत्र करून सगळ्यांना धाकात ठेवेल. एडविन हा त्या तिघांतला सगळ्यांत समंजस, म्हाताऱ्याची काळजी घेणारा मुलगा आहे. पुंडाची गादी तो मागतो आणि तिचा रस्ता त्याला राखणदाराच्याच गोष्टीतून सापडतो. शंभरेक पानांच्या पुस्तकात लंडननं केवढी गोष्ट पकडली! राखणदार ज्ञान जपतो, पण त्यातलं काय कुणाच्या हाती जाईल हे ठरवणं त्याच्या हातात राहत नाही.

पुंडाबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण सर्वांत जास्त वाईट लेखन त्याच्याच वाट्याला आलं आहे. दात विचकणारा, विनाकारण माणसं मारणारा पुंड लिहायला सोपा असतो. पण तो पटत नाही. त्याला पारखायची सोपी कसोटी अशी की त्याच्या माणसांना रोज जेवायला कोण घालतं हे कथेत कळतं का, ते पाहावं. जॉर्ज मिलर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाला ही कसोटी नेमकी कळली होती. चित्रपटांत येण्याआधी तो सिडनीच्या रुग्णालयात डॉक्टर होता आणि अपघातात चिरडलेली शरीरं त्यानं रोज पाहिली होती. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांवर माणसं एकमेकांच्या अंगावर कशी धावून गेली, ती आठवण १९७९ च्या ‘मॅड मॅक्स’च्या मुळाशी आहे, असं त्याच्या सहलेखकानं पुढं लिहिलं.

२०१५ च्या ‘फ्युरी रोड’मध्ये इमॉर्टन जो हा पुंड एका उंच खडकावर राहतो आणि जमिनीखालचं पाणी त्याच्या ताब्यात आहे. खाली तहानलेला जमाव थाळ्या-भांडी घेऊन उभा असतो. जो काही क्षण पाणी सोडतो आणि बंद करतो. वर लोकांनाच बजावतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका. शेजारच्या दोन ठाण्यांवर त्याचे साथीदार आहेत. एकाकडं इंधन, दुसऱ्याकडं गोळ्या. तिघांची देवाणघेवाण चालते म्हणून तिघेही टिकतात. नुसत्या पाण्यानं मात्र सैन्य मरायला तयार होत नाही, म्हणून जोनं एक धर्मही रचला आहे. मोटारीचं इंजिन हे दैवत आणि लढून मेलेल्याला स्वर्ग. त्याच्या गढीतच मिस गिडी नावाची म्हातारी आहे. अंगभर इतिहास गोंदवून घेतलेली ही बाई त्याच्या बायकांना शिकवते. पुंडाला राखणदार लागतो, कारण वंश वाढवायचा तर पोरांना कुणीतरी शिकवावं लागतं. आणि बायका पळून जातात त्या तिच्याकडून शिकूनच.

पुंडाच्या हिशेबाचा दुसरा चांगला नमुना ‘द वॉकिंग डेड’मध्ये आहे. निगन हा टोळीप्रमुख वस्त्यांकडून निम्मा माल मागतो. सगळाच नेला तर पुढच्या फेरीला त्या वस्तीत पिकवायला कुणी उरणार नाही, हे त्याला कळतं. असा हिशेब दिसला की पुंड खरा वाटू लागतो.

लंडनच्या पुस्तकानंतर सदतीस वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच बर्कलीच्या टेकड्यांवर दुसरी कादंबरी घडली. ‘अर्थ अबाइड्स’चा लेखक जॉर्ज स्ट्युअर्ट खराच बर्कलीत इंग्रजीचा प्राध्यापक होता. त्याचा नायक इश भूगोलाचा विद्यार्थी आहे. साथीनंतर तो मोटार घेऊन न्यूयॉर्कपर्यंत जातो आणि परत येतो. वाटसरूचा हा अध्याय तो लवकर संपवतो. घरी परतल्यावर एम नावाची बाई त्याला भेटते. दोघांभोवती वस्ती वाढते, मुलं होतात. इशला एकच ध्यास असतो : विद्यापीठाचं ग्रंथालय शाबूत आहे, तोवर सगळं पुन्हा उभं करता येईल.

स्ट्युअर्टनं इथं फार बारीक निरीक्षण मांडलं आहे. वस्तीला काहीच कमी नसतं. दुकानांत डबाबंद अन्न आहे, नळाला पाणी आहे. त्यामुळे कुणी विहीर खणत नाही, कुणी शेतीचं मनावर घेत नाही. विसेक वर्षांनी एके दिवशी नळ कोरडा पडतो आणि सगळे गोंधळून जातात. पाणी कुठून येत होतं याचा विचारच कुणी केलेला नसतो. अवघं ग्रंथालय हाताशी असलेल्या इशनंसुद्धा नाही. इश घाबरून शाळा जोरात चालवायला घेतो. मुलं कंटाळतात, कारण ज्या जगाची ही पुस्तकं आहेत ते जग त्यांनी पाहिलेलंच नाही. फक्त जोई नावाचा धाकटा मुलगा वाचतो, प्रश्न विचारतो. इशची सगळी आशा त्या एका मुलावर टांगलेली असते.

मग वस्तीत चार्ली येतो. दणकट, गोडबोल्या, बंदूक बाळगणारा. हा होऊ घातलेला पुंड आहे. त्याची नजर एका मंदबुद्धी मुलीवर असते आणि अंगात रोग असतात. इश आणि वस्तीतली मोठी माणसं मतदान करतात आणि त्याला झाडाला टांगून फाशी देतात. स्ट्युअर्ट या प्रसंगाला विजयाचा रंग देत नाही. वस्तीनं पहिल्यांदा राज्यसंस्थेसारखं वागून दाखवलं आणि त्याची सुरुवात फाशीनं झाली, हे इशला बोचत राहतं. शिवाय फार उशीर झालेला असतो. चार्लीबरोबर विषमज्वर आलेला असतो आणि मुलं दगावतात. जोईही जातो.

त्यानंतर इश शाळा बंद करतो, आणि इथं ही कादंबरी लंडनच्या पुढं जाते. तो मुलांना धनुष्यबाण करायला शिकवतो. शिकवतो तेही खेळ म्हणून. काडतुसं एक दिवस संपतील, निकामी होतील, हे त्याला दिसत असतं. धनुष्य मात्र पुन:पुन्हा करता येतं. पोरांना खेळ आवडतो आणि विद्या रुजते. पुढची पिढी जुनी नाणी ठोकून बाणांची टोकं बनवते. ग्रंथालयातल्या लाखो पुस्तकांपेक्षा एका खेळानं जास्त काम केलं, हे स्वीकारताना इशला काय वाटलं असेल ते स्ट्युअर्ट अतिशय संयमानं लिहितो. विद्वान माणसानं विद्वत्तेविषयी इतकं निर्भयपणे लिहिलेलं मी दुसरं फारसं वाचलेलं नाही.

धाग्याचं तिसरं टोक इटलीत आहे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी माँटे कॅसिनोचा मठ बेचिराख केला. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं स्थापलेला आणि शतकानुशतकं हस्तलिखितं उतरवून जपणारा हा मठ. त्या डोंगरावर चढाईचं काम चौथ्या भारतीय डिव्हिजनकडं होतं आणि बॉम्बफेकीची मागणी तिचाच सेनापती फ्रान्सिस टकर यानं केली होती. मठाच्या भिंती किती जाड आहेत हे लष्कराकडून कळेना, तेव्हा ती माहिती त्यानं नेपल्समधल्या पुस्तकांच्या दुकानातून आलेल्या एका जुन्या पुस्तकात शोधली. हस्तलिखितं आधीच्या शरद ऋतूत रोमला हलवल्यामुळे वाचली होती. आश्रयाला आलेले नागरिक मात्र मेले.

त्या विमानांवरच्या दलात वॉल्टर मिलर हा एकवीस वर्षांचा अमेरिकन तरुण होता. युद्धानंतर तो कॅथलिक झाला आणि १९५९ मध्ये त्यानं ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’ लिहिली. अणुयुद्धानंतर सहाशे वर्षांनी अमेरिकेच्या वाळवंटात एक मठ उभा आहे. युद्धाला शास्त्रज्ञ जबाबदार धरून लोकांनी शिकलेल्या माणसांना आणि पुस्तकांना जाळलं होतं. त्यातून वाचलेले कागद इथले भिक्षू जपतात. मठाच्या ढिगाऱ्याखाली माणूस अडकल्याचा प्रसंग लिहीत असताना हे आपण कॅसिनोबद्दल लिहितो आहोत असं मिलरच्या ध्यानात आलं, असं त्यानं नंतर सांगितलं.

फ्रान्सिस या तरुण भिक्षूला जुन्या तळघरात एक निळा आराखडा सापडतो, सोबत किराणा मालाची चिठ्ठी. दोन्ही पवित्र ठरतात. आराखडा कुठल्याशा विद्युत यंत्रणेचा आहे. काय दाखवतो ते कुणालाच कळत नाही. निळ्यावर पांढऱ्या रेषा असल्यामुळे अशा आराखड्यांच्या नकला करणारे भिक्षू सगळी पार्श्वभूमी शाईनं भरत बसतात. निळा रंग केवळ छपाईच्या पद्धतीमुळे आला होता हे त्यांना ठाऊक नाही. फ्रान्सिस या आराखड्याची सोन्याच्या वेलबुट्टीनं नटवलेली प्रत करण्यात पंधरा वर्षं घालवतो. न्यू रोमला जाताना वाटेत लुटारू गाठतात आणि ती नटवलेली प्रत घेऊन जातात. मळका मूळ कागद त्याच्याकडंच राहतो. पंधरा वर्षांच्या श्रमांनी अशा रीतीनं मूळ कागद वाचवला.

पुढच्या भागात आणखी सहाशे वर्षं गेलेली आहेत. हॅनेगन हा टेक्सार्कानाचा सत्ताधीश निरक्षर आहे, सहीच्या जागी फुली मारतो. त्याच्या नात्यातला एक बुद्धिमान संशोधक मठातले कागद वाचायला येतो. भिक्षूंनी न समजता जपलेल्या ओळींचा अर्थ त्याला लागू लागतो. त्याच वेळी त्याच्यासोबत आलेले लष्करी अधिकारी मठाच्या तटबंदीची चित्रं काढत असतात. राखणदाराच्या दारातून ज्ञानाचा खरा भुकेला आणि पुंड एकाच दिवशी आत शिरले आहेत. या कादंबरीत एक वाटसरूही आहे. बाराशे वर्षं सगळ्या भागांत भेटत राहणारा म्हातारा यहुदी, जो कुणाचीतरी वाट पाहतो आहे. राजवटी बदलतात, तो चालत राहतो. शेवटच्या भागात, ३७८१ साली, माणसाकडं पुन्हा अणुबॉम्ब आहेत आणि ते पुन्हा पडतात. काही भिक्षू ते सगळे कागद घेऊन अवकाशयानानं निघून जातात. मिलरचे राखणदार इशसारखे हरत नाहीत. ते बाराशे वर्षं आपलं काम चोख करतात, आणि त्यांनी जपलेलं ज्ञानच जगाला परत त्याच जागी आणून ठेवतं.

या तिन्ही पुस्तकांत राखणदार पुरुष आहे, एका जागी बसलेला आहे आणि पुस्तकं त्याच्यामागं आहेत. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेनं १९९३ मध्ये ‘पॅरेबल ऑफ द सोअर’मध्ये ही मांडणी मोडली. गोष्ट सुरू होते २०२४ साली, लॉस एंजेलिसजवळ. इथं एकच मोठा प्रलय नाही. पाणी महाग होत जातं, कामं नाहीशी होतात, वस्त्यांना भिंती चढतात आणि एके रात्री भिंत फुटते. लॉरेन ही अठरा वर्षांची मुलगी आधीपासून तयार असते. तिनं बियाणं, कपडे, थोडे पैसे बांधून ठेवलेले असतात आणि खाण्याजोग्या वनस्पतींची, औषधोपचारांची पुस्तकं वाचून काढलेली असतात. घरचे मारले गेल्यावर ती महामार्गानं उत्तरेकडं चालू लागते. चालता चालता माणसं सोबत घेते आणि वाटेतच त्यांना वाचायला शिकवते. वाटसरू आणि राखणदार एका देहात आले आहेत. पुंडाशी लढायला तिच्याकडं बंदूक आहे, पण तिचा गट टिकतो तो रात्री आळीपाळीनं पहारा देऊन. मला हे पुस्तक चौघांतलं सर्वांत उपयोगाचं वाटतं, कारण कोणती विद्या कुणाला, कधी शिकवायची हा प्रश्न त्यात पहिल्या पानांपासून आहे.

ज्यांना हे वाचायचं आहे त्यांनी लंडनपासून सुरुवात करावी. ‘द स्कार्लेट प्लेग’वरचा स्वामित्वहक्क संपला आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते विनामूल्य मिळतं आणि एका बैठकीत वाचून होतं. त्यानंतर लगेच स्ट्युअर्ट घ्यावा, म्हणजे त्याच टेकड्या दुसऱ्यांदा पाहता येतील. मिलरला सवड द्यावी लागते. त्याचा पहिला भाग स्वतंत्र कथा म्हणूनही पुरा आहे. बटलर शेवटी वाचावी आणि वाचताना घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातीही ते पुस्तक द्यावं.